कारण आणि निमित्त : बंद पडलेल्या धंद्याची गोष्ट कशी लिहावी

धंदा बंद पडल्यावर लिहिलेल्या बहुतेक पोस्ट दोन साच्यांतल्या असतात. पहिला साचा रडगाण्याचा : रात्रंदिवस राबलो, सगळ्यांवर विश्वास टाकला, पण नशीब, बाजार आणि माणसं तिन्ही फिरली. दुसरा साचा विजयगाथेचा : हरलो, पण त्यातून जे शिकलो ते कुठल्याच कॉलेजात शिकायला मिळालं नसतं. पहिला वाचून आपण हळहळतो, दुसऱ्याला टाळ्या वाजवतो. पण दोन्ही वाचून झाल्यावर "धंदा नेमका का बंद पडला?" असं कुणी विचारलं तर आपल्याला सांगता येत नाही.

आपल्या मंडळात यंदा 'व्यक्तिगत गद्य' हा विषय आहे, म्हणून मी असं लेखन थोडं जवळून पाहिलं. हा प्रश्न फक्त सुराचा आहे, म्हणजे दुःख जरा कमी केलं आणि दोन विनोद घातले की झालं, असं आधी वाटतं. तसं नाही. स्वतःची कीव शिरते ती आशयातून. मराठीत दोन शब्द आहेत, ते इथे फार उपयोगी पडतात : कारण आणि निमित्त. आजी वारल्यावर घरात म्हणतात, "पडल्याचं निमित्त झालं." म्हणजे पडणं खरंच, पण शरीर आधीच थकलेलं होतं. धंद्याच्या गोष्टीत कीव निमित्तापाशी घुटमळते, आणि वाचकाला शिकण्यासारखं जे असतं ते कारणापाशी असतं.

एक खरं उदाहरण घेऊ. साहिल लविंगियाने 2011 मध्ये 'गमरोड' ही कंपनी काढली. चित्रकार, लेखक, संगीतकार यांना आपली डिजिटल वस्तू थेट ग्राहकाला विकता यावी, अशी ती सोय. त्याआधी तो पिंटरेस्टमध्ये अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक होता. तिथले शेअर हक्काने त्याचे होण्याआधीच त्याने नोकरी सोडली. आधी सुमारे 11 लाख डॉलर आणि मग मे 2012 मध्ये क्लायनर पर्किन्स या गुंतवणूकदार संस्थेच्या पुढाकाराने 70 लाख डॉलर उभे राहिले. पुढे वाढीचा वेग पुरेसा राहिला नाही, नवी गुंतवणूक मिळाली नाही, आणि ऑक्टोबर 2015 मध्ये 20 माणसांची कंपनी 5 माणसांवर आणावी लागली. काढून टाकलेल्यांत त्याचे जवळचे मित्र होते. ही सगळी हकीकत त्याने फेब्रुवारी 2019 मध्ये एका लेखात लिहिली. त्याचं शीर्षकच अब्जावधी डॉलरची कंपनी उभारण्यात आलेल्या अपयशावर आहे.

या लेखात रडायला भरपूर जागा होती. 'गुंतवणूकदारांनी हात वर केले' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी वाचक त्याच्या बाजूने झाले असते, आणि ते वाक्य खोटंही ठरलं नसतं. पण लविंगिया तिथे थांबत नाही. पुढची गुंतवणूक न मिळणं हे निमित्त आहे हे त्याला दिसतं. कारण शोधायला तो मागे जातो : ज्या प्रकारचे पैसे घेतले त्यांना दर महिन्याला प्रचंड वाढ लागते, आणि ज्या बाजारात तो होता तो तेवढ्या वेगाने वाढत नव्हता. नवनव्या सोयी कितीही घातल्या तरी वाढ जवळपास त्याच गतीने होत राहिली, ती गती बाजारच ठरवत होता, असं तो सांगतो. यासाठी तो महिन्यांचे आकडे आणि आलेख समोर ठेवतो. त्यामुळे वाचक त्याच्या शब्दावर अवलंबून राहत नाही, स्वतः तपासू शकतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. त्या वर्षांत वाटलेली लाज, एकटेपण, बरोबरीचे लोक पुढे जाताना पाहणं, हे तो लपवत नाही. पण ते त्या-त्या तारखेच्या जागी येतं. माणसं काढली, मग ऑफिस गेलं, मग जवळजवळ एकटा उरलो, मग शहर सोडून युटातल्या प्रोव्होला गेलो आणि तिथे कादंबरीलेखनाच्या वर्गाला बसू लागलो. भावना घटनेला चिकटलेली आहे, म्हणून ती माहितीसारखी वाचली जाते. तीच भावना पहिल्या परिच्छेदात, घटनेच्या आधी आली असती तर ती वाचकाकडे केलेली मागणी झाली असती.

आणि तारखांमधलं अंतर बघा. ऑक्टोबर 2015 ते फेब्रुवारी 2019, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. प्रत्येकाने तीन वर्षं थांबावं असं नाही. पण दुकानाचं शटर ओढल्याच्या आठवड्यात लिहिलेल्या मजकुरात निमित्तच पुढे येणार, कारण त्या वेळी डोळ्यांसमोर तेवढंच असतं.

(आपल्याकडे या लेखनाचा नमुना नाही असं कुणी म्हणू नये. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे दुःखाचा तोटा नव्हता. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवराबायको कित्येक वर्षं दुरावली. तरी लक्ष्मीबाई बहुतेक वेळा प्रसंग सांगतात आणि स्वतःची फजितीही त्याच आवाजात सांगतात. रडायचं की हसायचं हे आपलं आपण ठरवायचं. धंद्याबद्दल लिहिणाऱ्यांनी ते पुस्तक वाचावं असं मला मनापासून वाटतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता गमरोडसारखी कंपनी आपल्यापासून लांबची वाटते. म्हणून एक जवळचं उदाहरण सविस्तर घेते. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, बेळगावात हॉस्टेल आणि पीजीमधल्या विद्यार्थ्यांचे कपडे धुऊन, घडी करून परत पोचवायचा धंदा काढला होता. जानेवारीत सुरू केला, डिसेंबरअखेर बंद केला. नोकरी लागल्यावर त्याला लिंक्डइनवर त्याबद्दल लिहायचं होतं. त्याचा पहिला मसुदा त्याच्या परवानगीने देते :

"एक स्वप्न होतं. घाम गाळला, झोप सोडली. पण नियतीच्या मनात वेगळंच होतं. पावसाळ्याने कंबरडं मोडलं. ज्याच्यावर भावासारखा विश्वास टाकला त्याने अर्ध्या वाटेत साथ सोडली. आपल्या शहरात नव्या कल्पनेला किंमत नाही. आज आईचं कर्ज डोक्यावर आहे. पण मी हरलो नाही, मी शिकलो. पुन्हा उभा राहीन!"

मी विचारलं, "काय शिकलास?" तर म्हणाला, "ते सगळं पोस्टमध्ये कुठं मावतंय की!" लिंक्डइनच्या पोस्टला 3000 अक्षरांची मर्यादा आहे. काना-मात्रा वेगळे मोजले जात असल्याने मराठीत साधारण चारशे-साडेचारशे शब्द बसतात. म्हणजे जागा होती. ती विशेषणांनी आणि नियतीने भरली होती.

त्याची धंद्याची वही होती. रोज किती पिशव्या आल्या, कुणाच्या, किती खर्च झाला, सगळं त्यात. एका कागदावर आम्ही तीन रकाने आखले : तारीख, त्या दिवशी काय ठरवलं, आणि ठरवताना काय माहीत होतं. तिसरा रकाना सगळ्यात अवघड जातो, कारण आज जे माहीत आहे ते तेव्हाही माहीत होतं असं वाटायला लागतं. म्हणून तो आठवणीतून नको, वहीतून आणि जुन्या मेसेजमधून भरायचा.

हिशेब असा होता. एका पिशवीचे, म्हणजे साधारण पाच किलो कपड्यांचे, 150 रुपये. त्यात वीज, पाणी, साबण आणि पेट्रोल धरून 55 रुपये जायचे, 95 हातात राहायचे. सुरुवातीला छोटा गाळा, एक मशीन आणि अर्धवेळ मदतनीस मिळून महिन्याचा ठरलेला खर्च 17,100 रुपये. याला 95 ने भागलं की 180 येतात. म्हणजे महिन्याला 180 पिशव्या आल्या की ना नफा ना तोटा. जानेवारीत 130 आल्या. पहिल्या महिन्यासाठी वाईट नव्हतं.

मग फेब्रुवारीत त्याने हप्त्यावर दुसरं मशीन घेतलं, मोठा गाळा घेतला आणि मदतनीस पूर्णवेळ केला. ठरलेला खर्च 28,500 झाला. आता 180 ऐवजी 300 पिशव्या लागणार होत्या. हे का केलं? वहीत त्याच्याच अक्षरात नोंद आहे : रविवारी रात्री अकरापर्यंत मशीन चालू, तीन पिशव्या उशिरा, दोघांची कुरकुर. त्याला वाटलं, काम मावत नाही म्हणजे धंदा वाढतोय.

पहिल्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं. कारण त्याच्या मनात गोष्ट जूनमध्ये, पावसापासून सुरू होत होती. म्हणून आम्ही निमित्ताची एक साधी चाचणी लावली : ज्याला दोष देतोय ते गोष्टीतून काढून टाकायचं आणि हिशेब पुन्हा करायचा.

पाऊस काढून टाकला. मार्चमध्ये पाऊस नव्हताच. मार्चमध्ये 210 पिशव्या आल्या, हातात 19,950 रुपये राहिले, खर्च 28,500. तोटा 8,550. म्हणजे कोरड्या, चांगल्या महिन्यातही धंदा तोट्यात होता.

शिवाय पावसाने गिऱ्हाईक कमी केलं नव्हतं, उलट वाढवलं होतं. बेळगावच्या पावसात हॉस्टेलच्या दोरीवर कपडे आठवडाभर वाळत नाहीत, म्हणून जुलैमध्ये 260 पिशव्या आल्या, वर्षातल्या सर्वांत जास्त. पण कपडे वाळवायला ड्रायर लागला आणि पिशवीमागे 35 रुपये जादा गेले. हातात 95 ऐवजी 60 उरायला लागले. जुलैचा तोटा 12,900. हे दिसल्यावर दादा बराच वेळ वहीकडे बघत बसला. सगळ्यात जास्त काम केलेल्या महिन्यात इतका तोटा झाला होता, आणि वर्षभर तो ते 'पावसाने गिऱ्हाईक तोडलं' असंच सांगत आला होता.

मग दुसरी वस्तू काढून टाकली : फेब्रुवारीतला वाढवलेला खर्च. जुन्या 17,100 वर मार्चमध्ये 2,850 रुपये नफा झाला असता आणि जुलैत फक्त 1,500 तोटा. आता कारण कुठे आहे ते कळलं. आमच्या मनात एकच शंका उरली : 210 पिशव्या एका मशीनवर झाल्या असत्या का? दिवसाला सात पिशव्या, प्रत्येकीला वेगळी फेरी, फेरीला पाऊण-एक तास. झाल्या असत्या, पण रोज सात आल्या तर. वहीतून वाराप्रमाणे बेरीज केली तेव्हा दिसलं की आठवड्याच्या पन्नासेक पिशव्यांपैकी तीसेक रविवार-सोमवारी यायच्या. बुधवार-गुरुवारी मशीन रिकामं. रविवारची रांग बघून त्याने आठवडाभराचा खर्च वाढवला होता. सप्टेंबरमध्ये मुलांच्या हॉस्टेलला मंगळवार, मुलींच्या हॉस्टेलला गुरुवार आणि पीजीवाल्यांना शनिवार असे वार ठरवून दिल्यावर रांग गेली. तोपर्यंत गाळ्याचा अकरा महिन्यांचा करार गळ्यात होता.

इथे एक सावधगिरी हवी. चाचणी चांगली लागली की 'दुसरं मशीन घेतलं नसतं तर धंदा आज जोरात असता' असं लिहावंसं वाटतं. ते लिहू नये. सुट्टीमुळे मे महिन्यात फक्त 70 पिशव्या आल्या होत्या, आणि तो महिना कमी खर्चावरसुद्धा दहा हजारांच्या वर तोट्याचा होता. तो प्रश्न सुटलाच असता असं वही सांगत नाही. वही इतकंच सांगते की आणखी वेळ मिळाला असता. जेवढं वहीतून निघतं तेवढंच लिहायचं.

आता भाषेकडे येते, कारण आपण भाषेचे विद्यार्थी. मराठीत कर्ता गायब करण्याच्या फार सोयी आहेत. 'मशीन घेतलं गेलं', 'खर्च वाढत गेला', 'पगार द्यायचे राहून गेले'. या वाक्यांत चूक नाही, पण माणूसही नाही. मसुद्यात अशी वाक्यं सापडली की 'कुणी?' असं विचारायचं. 'मी मशीन घेतलं' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, 'का?', आणि शिकण्यासारखं तिथूनच निघतं. निमित्ताच्या वाक्यांत मात्र कर्ता ठळक असतो, फक्त तो दुसरा कुणीतरी असतो : पावसाने मोडलं, नियतीने ठरवलं, मित्राने सोडलं. एखाद्या पोस्टमध्ये वाईट घडतं तिथे कर्ता परका आणि कष्ट होतात तिथे कर्ता 'मी', असं दिसलं की समजावं, कीव शिरली आहे.

याच्या उलटं टोकही फसवं असतं. दुसऱ्या मसुद्यात दादाने लिहिलं, "मी माती खाल्ली. मी मूर्ख होतो." वाचायला प्रामाणिक वाटतं. पण कोणती माती, कधी, का, हे त्यात नाही. 'मी मूर्ख होतो' म्हटलं की वाचक म्हणतो, "छे छे, असं नको म्हणूस", म्हणजे पुन्हा सांत्वनच. शिवाय ते खरंही नव्हतं. रविवारी रात्री अकराला ओल्या कपड्यांच्या ढिगापुढे उभं राहून दुसरं मशीन घ्यावंसं वाटणं यात मूर्खपणा नाही. कुणालाही तसंच वाटलं असतं, आणि म्हणूनच ते सांगण्यासारखं आहे. निर्णय त्या दिवशी शहाणपणाचा का वाटला हे लिहिलं, तरच वाचकाला तो स्वतःच्या दारात आल्यावर ओळखता येतो.

मित्राचं काय? तो ऑगस्टमध्ये बाहेर पडला हे खरं. पण मेसेज उघडल्यावर दिसलं की जून-जुलैचे त्याचे ठरलेले पैसे दिले गेले नव्हते. (बघा, मीही 'दिले गेले नव्हते' लिहिलं. दादाने दिले नव्हते.) 'साथ सोडली' हे वाक्य तिथेच पडलं. ज्यांचा उल्लेख आहे त्यांना मजकूर आधी दाखवावा, हा नियम मला सभ्यतेपेक्षा अचूकतेसाठी हवा वाटतो. 'पैसे डिसेंबरमध्ये दिले' असं दादाने लिहिलं होतं. त्या मित्राने वाचून कळवलं, "अर्धे डिसेंबरमध्ये, अर्धे जानेवारीत." आठवण अशी हळूच आपल्या बाजूला झुकते.

शेवटचा मसुदा असा झाला :

"मागच्या वर्षी मी बेळगावात विद्यार्थ्यांचे कपडे धुऊन पोचवायचा धंदा चालवला. तो बाराही महिने तोट्यात होता. त्यातल्या चांगल्या महिन्यांतल्या तोट्याचं कारण मी दुसऱ्या महिन्यात घेतलेला एक निर्णय होता.

जानेवारीत एक मशीन होतं आणि महिन्याला 180 पिशव्या आल्या की खर्च भागत होता. रविवारी रात्री अकरापर्यंत काम संपायचं नाही. मला वाटलं, धंदा वाढतोय. फेब्रुवारीत मी दुसरं मशीन, मोठा गाळा आणि पूर्णवेळ मदतनीस घेतला. त्यानंतर खर्च भागायला 300 पिशव्या लागत होत्या. मार्चमध्ये 210 आल्या.

आकडे माझ्या वहीत होते. मी त्यांची महिन्याची बेरीज करत होतो, वाराची नाही. ती केली तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त काम रविवार-सोमवारी येत होतं आणि बुधवारी मशीन रिकामं होतं. प्रत्येक हॉस्टेलला वार ठरवून दिल्यावर रांग संपली. तोवर सप्टेंबर उजाडला होता.

जुलैच्या पावसात सर्वांत जास्त, 260 पिशव्या आल्या. ड्रायरचा खर्च भावात न धरल्यामुळे 12,900 रुपये तोटा झाला. भाव वाढवला तर मुलं जातील अशी मला भीती होती. मी एकालाही विचारलं नाही.

माझ्याबरोबर काम करणारा मित्र ऑगस्टमध्ये बाहेर पडला. त्याचे दोन महिन्यांचे पैसे मी दिले नव्हते. अर्धे डिसेंबरमध्ये आणि अर्धे जानेवारीत दिले.

सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात, फक्त 70 पिशव्या आल्या. त्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. हॉस्टेलांच्या भरवशावर असा धंदा चालवणाऱ्या कुणाला सापडलं असेल तर मला ऐकायचं आहे.

आईने सोसायटीतून काढलेल्या कर्जापैकी 70,000 रुपये राहिले आहेत. मी दरमहा 5,000 भरतो. वार आणि पिशव्यांचा तक्ता कुणाला हवा असेल तर पाठवतो."

यात 'दुःख' हा शब्द नाही. तरी 'मी एकालाही विचारलं नाही' पाशी मी दर वेळी थबकते. मेच्या प्रश्नाला उत्तर नाही हेही तसंच ठेवलं. सगळं समजल्यासारखं लिहिलं असतं तर वहीला ते पटलं नसतं.

पहिल्या ओळींचा विचार मुद्दाम केला, कारण लिंक्डइनवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. त्या जागेत लोक हुरहूर लावणारं वाक्य ठेवतात. आम्ही निकाल आणि कारणाची जागा आधीच सांगून टाकली. कोण जिंकलं हे कळल्यावरही माणूस सामना बघतो, जर कुठल्या षटकात फिरला हे बघायचं असेल तर.

कर्जाच्या ओळीवरून मात्र घरात चर्चा झाली. पहिल्या मसुद्यातलं 'आईचं कर्ज डोक्यावर आहे' मावशीला अजिबात आवडलं नव्हतं. "माझं कर्ज कशाला सगळ्यांना सांगतोस?" असं ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी, पगार, आजारपण, कर्ज, त्या माणसाने हो म्हटल्याशिवाय लिहू नयेत, मग गोष्ट थोडी अपुरी राहिली तरी चालेल. दादाने ती ओळ काढून टाकली. दोन दिवसांनी मावशीनेच उरलेला मजकूर वाचायला मागितला. वाचून म्हणाली, "घाल ती ओळ. पण हप्ता दर महिन्याला वेळेवर जातो, तेवढं लिही."